इअरबडमधली कानाची चाचणी, ‘संभाषण वाढवा’ची सोय आणि कानाचं मशीन: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी मुंबईत ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. पूर्वी आई-वडिलांना घेऊन येणारी मुलं माझ्यासमोर जुनी फाइल उघडायची, आता मोबाइल पुढे करतात. त्यावर इअरबडने काढलेला आलेख असतो. पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, हे बरोबर आहे का? आणि एवढ्यावर भागत असेल तर मशीन कशाला घ्यायचं?” प्रश्न रास्त आहे. त्याची उत्तरं मी रोज तुकड्या-तुकड्याने देते, ती इथे सलग लिहिली आहेत. मध्येच गिरगावातले एक आजोबा पुन्हा पुन्हा येतील. त्यांच्या घरच्यांची हरकत नाही हे विचारून घेतलं आहे, नाव मात्र देत नाही.

इअरबड कानाची चाचणी घेतो म्हणजे नेमकं काय करतो?

कानात वेगवेगळ्या पट्टीतले बारीक सूर वाजवतो, काही जाड, काही तीक्ष्ण. सूर ऐकू आला की स्क्रीनवर बोट टेकवायचं. ऐकू आला तर पुढच्या वेळी तोच सूर आणखी हळू वाजतो, नाही आला तर थोडा मोठा. असं करत करत प्रत्येक पट्टीत तुम्हाला जेमतेम ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज शोधला जातो. माझ्या क्लिनिकमधल्या बंद खोलीत मी हेच करते, त्यामुळे तत्त्वात फसवणूक काही नाही.

आज या बाबतीत सगळ्यात पुढे गेलेली सोय अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीपासून मिळते. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या इअरबडमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. दुकानातून थेट घेता येणाऱ्या श्रवणयंत्राचं काम सॉफ्टवेअरने करायची ही पहिलीच परवानगी. ती 18 वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम प्रमाणात ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, खालचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

घरी चाचणी घ्यायची तर कशी घ्यावी? आमच्या घरात शांतता कधी नसतेच.

मुंबईतल्या घरात खरी अडचण हीच आहे. चाचणी पाच-सात मिनिटांची असते, पण ती पाच मिनिटं शोधावी लागतात. दुपारी अडीच-तीनला, खिडक्या लावून, पंखा बंद करून घ्या. पंखा बंद करायचा म्हटलं की आजी-आजोबा कुरकुरतात, तरी बंद करा. पंख्याची घरघर जाड पट्टीतली असते आणि चाचणीतले जाड सूर ती गिळून टाकते. मग निकालात असं दिसतं की जाड आवाजच ऐकू येत नाहीत. प्रत्यक्षात कानाला काहीच झालेलं नसतं.

दुसरी गोष्ट रबरी टोपीची. इअरबडबरोबर लहान-मोठ्या टोप्या मिळतात, पण लावलेली असेल तीच चालवून घेतली जाते. टोपी सैल असली की जाड सूर बाजूच्या फटीतून निसटतात आणि निकाल पुन्हा तसाच चुकतो. फोनमध्ये टोपी नीट बसली आहे का हे तपासायची सोय असते, ती आधी वापरा.

तिसरी गोष्ट जाळीची. इअरबडच्या तोंडावरच्या बारीक जाळीत कानातला मळ अडकतो आणि त्या बाजूचा आवाज अर्धा होतो. मुलाचा रोजच्या वापरातला इअरबड वडिलांच्या कानात घातला असेल तर हे हमखास होतं. आधी तुम्ही स्वतः दोन्ही बाजूंनी एखादं गाणं ऐका. डावीकडून हळू येत असेल तर तो कानाचा दोष नाही, जाळीचा आहे. मऊ कोरड्या ब्रशने साफ करा.

आणि शेजारी बसून खुणा करू नका. मुलगी आवाज आला की नकळत मान हलवते आणि आई तिच्याकडे बघून बोट टेकवते. असे आलेख मी पाहिले आहेत, ते फारच छान दिसतात. सर्दी असेल, आदल्या दिवशी ढोल-ताशांच्या मिरवणुकीत उभं राहणं झालं असेल, तर चाचणी चार दिवस पुढे ढकला.

चुकीचा निकाल ओळखायची एक सोपी खूण सांगते. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जातो. जाड सूर बरे ऐकू येतात, तीक्ष्ण येत नाहीत. तुमचा आलेख उलटा असेल, म्हणजे जाड सूर वाईट आणि तीक्ष्ण चांगले, तर टोपी, खोलीतली घरघर किंवा मधल्या कानातला काही दोष यांपैकी एक कारण असतं. पहिली दोन दूर करून पुन्हा चाचणी घ्या. आलेख तसाच आला तर डॉक्टरांकडे जा.

निकालात 40 आकडा आला आणि खाली “सौम्य” लिहिलंय. म्हणजे काळजीचं काही नाही ना?

गिरगावातल्या आजोबांचं इथून सुरू झालं. वय 73, छापखान्यात नोकरी केलेली. मुलाने आपल्या इअरबडने चाचणी घेतली. उजव्या कानाचा आकडा 40 डेसिबल आला. 25 पर्यंत जवळजवळ ठीक, 26 ते 40 सौम्य, 41 ते 60 मध्यम, 61 ते 80 तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र, अशी विभागणी फोन दाखवतो. आजोबा “सौम्य”च्या काठावर बसले आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

पण 40 ही सरासरी आहे. ती चार पट्ट्यांची काढतात: 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्‌झ. आजोबांच्या उजव्या कानाचे चार आकडे होते 25, 30, 45 आणि 60. बेरीज 160, भागिले चार, उत्तर 40. जाड सुरांचा 25 हा आकडा चांगलाच आहे. शेवटचा 60 मात्र सौम्य नाही, तो मध्यम पट्ट्याचं टोक आहे.

आता हा 60 कुठे नडतो ते बघा. आपल्या बोलण्यातले स्वर जाड पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो, म्हणून “आवाज येतो”. स, श, त, थ, क, ख, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र तीक्ष्ण पट्टीत असते आणि त्यांचा आवाज मुळातच हलका. ‘साठ’मधला स गेला की उरतं ‘आठ’. हेच आजोबांचं झालं होतं. भाजीवाला साठ म्हणाला, यांनी दहाची नोट काढून उरलेले दोन मागितले, आणि बाचाबाची झाली. घरी त्याला विसरभोळेपणा समजले. ते विसरत नव्हते, त्यांच्यापर्यंत अर्धाच शब्द पोचत होता.

म्हणून फोनमधला एक आकडा बघून थांबू नका. निकालावर बोट ठेवून पूर्ण आलेख उघडा आणि उजवीकडचे बिंदू किती खाली गेले आहेत ते बघा. “आवाज येतो पण शब्द कळत नाही” अशी तक्रार असेल तर उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

दोन कानांच्या आकड्यांत फरक आला तर?

पाच-सात डेसिबलचा फरक चालतो. 15 किंवा त्याहून जास्त असेल तर मी पुढचं सगळं थांबवते आणि कारण शोधते. वयाने दोन्ही कान साधारण सारखेच उतरतात, एकच जास्त उतरला तर तिथे वेगळं काहीतरी घडलेलं असतं.

आजोबांच्या डाव्या कानाचा आकडा 56 होता. मुलाचं म्हणणं, छापखान्यात यंत्र डाव्या बाजूला असायचं. असेलही. पण मी ऑटोस्कोपने कानात पाहिलं तर पडदा दिसेना. मळाचा काळपट, घट्ट बोळा नळीभर बसला होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थेंब देऊन पाच दिवसांनी तो काढला. नंतर बंद खोलीत केलेल्या चाचणीत डावा कान 43 वर आला. म्हणजे 13 डेसिबलचं बहिरेपण मळाचं होतं.

इअरबडला हे कळणं शक्यच नव्हतं. तो आवाज फक्त कानाच्या नळीतून सोडतो. आवाज वाटेतच अडला, की कानाच्या आत ऐकण्याचं काम करणाऱ्या शंखापर्यंत पोचूनही ऐकू आला नाही, यातलं काय झालं ते त्याला ओळखता येत नाही. आम्ही कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवून दुसऱ्यांदा चाचणी घेतो. त्याने आवाज नळी आणि पडदा टाळून थेट आत जातो. हाडावरून चांगलं ऐकू आलं आणि नळीतून नाही, तर अडथळा वाटेत आहे. मळ, पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी, यांतलं काहीही असू शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. त्या मुलाने फोनच्या आलेखावर विसंबून डाव्या कानाचा आवाज वाढवून ठेवला असता तर आजोबा मळावर आवाज आदळत बसले असते.

‘Conversation Boost’ म्हणजे काय? ते कसं सुरू करायचं?

‘संभाषण वाढवा’ची ही सोय 2021 मध्ये आली. तिचं काम समोर बसलेल्या माणसाचा आवाज पुढे आणणं. इअरबडवर बाहेरच्या बाजूला एकाहून जास्त माइक असतात. समोरून येणारा आवाज पुढच्या माइकवर आधी पोचतो, मागच्यावर किंचित नंतर. बाजूने किंवा मागून येणाऱ्या आवाजाचा हिशेब वेगळा असतो. या सूक्ष्म फरकावरून यंत्र समोरचा आवाज राखतं आणि इतर दिशांचा कमी करतं.

आयफोनमध्ये ती साधारण अशी सापडते:

```
Settings > Accessibility > Audio & Visual
> Headphone Accommodations > Transparency Mode
> Custom Transparency Mode > Conversation Boost
```

फोनमध्ये श्रवणयंत्राची सोय आधीच चालू असेल तर हे बटण इअरबडच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दिसतं. इअरबड कानात आणि फोनला जोडलेले असतानाच ते दिसतं, हे विसरलं की माणूस शोधत राहतो. बाहेरचा आवाज आत घेणारी पद्धत, म्हणजे Transparency, चालू असावी लागते. आवाज बंद करणारी पद्धत चालू असेल तर बूस्टचा काहीच उपयोग नाही. “चालतच नाही” म्हणून माझ्याकडे आणलेल्या इअरबडमध्ये बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं.

एकटी सून बोलते तेव्हा छान ऐकू येतं, पण जेवताना सगळे बसले की काहीच नाही. असं का?

कारण यंत्राला दिशा कळते, माणूस कळत नाही. तुमचं नाक जिकडे तिकडचा आवाज ते वाढवतं. आजोबा ताटाकडे बघत असतील तर ताटाचाच आवाज वाढेल. डावीकडून नातू बोलला तर तो “बाजूचा आवाज” म्हणून दाबला जाईल. चौघांच्या गप्पांत शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात उड्या मारतो, आणि मान वळेपर्यंत वाक्य संपलेलं असतं.

दुसरं कारण आपल्या खोल्यांचं आहे. फरशी, टाइल्स, रिकाम्या भिंती, वर स्टीलची भांडी. आवाज सगळीकडून आपटून येतो, आणि मग मागचा टीव्हीसुद्धा समोरच्या भिंतीवरून परतून “समोरून” येतो. बोलणारा माणूस टीव्हीला पाठ करून बसला असेल तर दोघंही एकाच दिशेला, मग यंत्राने काय करावं?

उपाय साधे आहेत आणि फुकट आहेत. आजोबांना भिंतीला पाठ लावून बसवा, म्हणजे त्यांच्यामागे आवाज उरत नाही. बोलणाऱ्याने हातभर-दोन हात अंतरावर, तोंडावर उजेड येईल असं बसावं. टीव्ही बंद. एका वेळी एकाने बोलावं. गिरगावच्या घरी सून नेहमी ओट्याकडे तोंड करून, यांना पाठ करून बोलायची. ती वळून बोलायला लागली तेव्हा, मशीन यायच्या आधीच, निम्मी तक्रार गेली.

रस्ता ओलांडताना मात्र ही सोय बंद ठेवा. मागून येणाऱ्या दुचाकीचा हॉर्न दबलेला नको.

फोन टेबलावर ठेवून ऐकायची एक सोय आहे म्हणे?

हो, Live Listen. यात आयफोनच माइक होतो. फोन बोलणाऱ्याजवळ ठेवला की आवाज तिथून इअरबडमध्ये येतो. कीर्तन, सोसायटीची सभा, डॉक्टरांशी बोलणं, अशा ठिकाणी बूस्टपेक्षा हे कामाला येतं, कारण माइक आवाजाच्या उगमाशी जातो. आवाज फोनमधून ब्लूटूथने येत असल्याने किंचित उशीर होतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. सभेत चालतं, समोरासमोर बोलताना त्रास होतो. आणि फोन दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवलाय हे विसरू नका, घरी निघताना तो तिथेच राहतो.

मग खऱ्या मशीनमध्ये वेगळं काय असतं? आवाज तर दोन्ही वाढवतात.

फरक किती आवाज वाढतो यापेक्षा कुठे, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली वाढतो यात आहे.

वयाने कान कमजोर होतो तेव्हा हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच, कधी जास्तच टोचतो. म्हणूनच आजी आधी म्हणतात “मोठ्याने बोल”, आणि जरा आवाज चढवला की म्हणतात “ओरडतोस कशाला”. मधली जागा अरुंद झालेली असते. मशीनला हळू आवाज भरपूर, मध्यम थोडा आणि मोठा जवळजवळ तसाच, असं वेगवेगळ्या पट्टीत वेगवेगळं करावं लागतं. 60 डेसिबल कमी ऐकू येतं म्हणून 60 वाढवले तर माणूस मशीन काढून फेकेल. साधारण अंदाज निम्म्याचा, म्हणजे तिथे 30 च्या आसपास, आणि मग माणसाला विचारत विचारत कमी-जास्त. इअरबडही आलेखावरून असा हिशेब करतो, त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. पण मी कानाच्या पडद्याजवळ एक बारीक नळी सरकवून प्रत्यक्ष तिथे किती आवाज पोचतोय ते मोजते. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, त्यामुळे कागदावर ठरवलेले 30 एखाद्याच्या कानात 22 च होतात. ते बघितल्याशिवाय कळत नाही.

मग कान बुजण्याचा प्रश्न. इअरबड नळी बंद करतो. बंद कानात स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो, चिवडा खाताना चावण्याचा आवाज डोकंभर होतो. ज्याचे जाड सूर शाबूत आहेत त्याला हे फारच खटकतं. अशा कानासाठी मशीनला भोकं असलेली मऊ टोपी लावता येते. जाड आवाज नैसर्गिकपणे आत येतो आणि मशीन फक्त तीक्ष्ण भाग भरून देतं. आजोबांच्या 25-30-45-60 च्या आलेखाला हेच योग्य होतं.

ताकदीचीही मर्यादा आहे. तीव्र आणि अतितीव्र बहिरेपणाला इअरबड पुरत नाही, आवाज वाढवत गेलं की तो फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. बॅटरीचंही बघा. एअरपॉड्स प्रोची दुसरी पिढी एका चार्जवर सुमारे सहा तास चालते, तिसरी दहा तासांपर्यंत. सकाळी सहाला उठून रात्री दहाला झोपणाऱ्या माणसाचा दिवस सोळा तासांचा. चार्जिंगचं मशीन साधारण दिवसभर निघतं, बटणासारख्या सेलचं काही दिवस.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगते. कानात पांढरा इअरबड दिसला की लोक समजतात गाणी ऐकतायत, आणि बोलतच नाहीत. शेजारच्या काकांनी तोंड फिरवलं म्हणून एक आजी माझ्यासमोर रडल्या होत्या. उलट मशीनची लाज वाटणारे इअरबड मात्र हौसेने घालतात. तुमच्या माणसाचं कुठलं मन आहे ते तुम्हालाच ठाऊक.

दिवसभर इअरबड घालून ठेवले तर कानाला काही होतं का?

मुंबईच्या दमट हवेत होतं. बंद, ओलसर नळीत बुरशी धरते. पावसाळ्यात कान खाजतो, दडे बसतात, कधी ओला काळा-पांढरा थर दिसतो. खाज सुरू झाली की इअरबड बाजूला ठेवा, तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. एरवी दर दोन तासांनी थोडा वेळ काढून कानाला हवा लागू द्या, टोप्या पुसून कोरड्या करूनच परत घाला. मधुमेह असेल तर जास्त जपा.

हे सगळं भारतात चालतं का? आमच्याकडे अँड्रॉइड फोन आहे.

श्रवणाच्या सोयी देशानुसार टप्प्याटप्प्याने खुल्या होतात. 2024 च्या अखेरीस श्रवणयंत्राची सोय भारतात बंद होती, तेव्हा बंगळुरूच्या काही तरुणांनी आपल्या आज्यांसाठी फोनला परदेशात असल्याचं भासवून ती चालू करून घेतली, आणि त्याच्या बातम्याही झाल्या. तुम्ही तसलं काही करू नका. घेण्याआधी दुकानातल्या किंवा ओळखीच्या फोनवर इअरबड जोडून, सेटिंगमध्ये श्रवणचाचणी आणि श्रवणसाहाय्य प्रत्यक्ष दिसतं का ते बघा. Conversation Boost आणि Live Listen या वेगळ्या आणि जुन्या सोयी आहेत.

अँड्रॉइडवर गुगलचं Sound Amplifier आहे. काही सॅमसंग इअरबडमध्ये बाहेरचा आवाज वाढवायची सोय आहे. श्रवणचाचणी आणि त्यावर आधारलेलं श्रवणयंत्र मात्र यांपैकी प्रत्येकात असेल असं समजू नका. ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडत असेल तर Live Transcribe बोललेलं मराठीत स्क्रीनवर उमटवतं. ज्यांना शब्द फारच कमी कळतात, त्यांना मी हे आवर्जून दाखवते.

हजार-दीड हजाराला कानाचं मशीन मिळतं, तेच घेतलं तर?

नको. ते सगळेच आवाज सारखेच वाढवतं, भांडं पडल्याचा आवाजही. वर मर्यादा नसेल तर उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं. पैशांची अडचण असेल तर त्याआधी पुढचं उत्तर वाचा.

मुंबईत नीट तपासणी कुठे होते?

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, केंद्र सरकारची, 1983 पासूनची. तिथे पूर्ण तपासणी होते आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना सरकारी योजनेतून मशीन मिळतं. जाताना आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला न्या. नायर रुग्णालयातही ऑडिओलॉजीचा विभाग आहे. खासगी ठिकाणी गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, ती विचारायला संकोच करू नका. आणि एक बघा: तपासणीत हाडावरची चाचणी आणि शब्दांची चाचणी झाली का? फक्त सूर ऐकवून थेट किमतीच्या यादीवर आणलं, तर उठून या.

शब्दांच्या चाचणीत आम्ही मराठी शब्दांची यादी ऐकवतो आणि माणूस तेच उच्चारून दाखवतो. आजोबांनी उजव्या कानाने शांततेत वीसपैकी सतरा शब्द बरोबर सांगितले, मागे गोंगाट सोडला तर अकरा. सुरांच्या आलेखातून हा आकडा दिसत नाही, आणि मशीनचा किती उपयोग होईल याचा खरा अंदाज यानेच येतो.

चाचणी वगैरे बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे कधी जायचं?

एका कानाने अचानक, एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी. “सर्दीने दडे बसले असतील” म्हणून आठवडा घालवू नका. यावर औषध आहे, पण ते लवकर सुरू झालं तरच फायद्याचं. कानातून पाणी किंवा पू येणं, कान दुखणं, चक्कर, एकाच कानात सतत गुणगुण, यांतलं काहीही असेल तरी इअरबड घालून बघत बसू नका.

तुमच्याकडच्या चाचणीचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, इअरबडमध्ये भरता येतो का?

येतो, आणि फोनने स्वतः घेतलेल्या चाचणीपेक्षा मला हेच आवडतं. आयफोनच्या Health अ‍ॅपमध्ये Hearing खाली Audiogram उघडून Add Data ने आकडे टाकता येतात. मग Headphone Accommodations मध्ये तोच आलेख निवडायचा. ऑडिओलॉजिस्टकडून कागद घेताना प्रत्येक पट्टीचे दोन्ही कानांचे आकडे लिहून मागा, नुसती सरासरी नको. भरताना उजवा-डावा उलटा होऊ देऊ नका. आमच्या आलेखात लाल गोल म्हणजे उजवा, निळी फुली म्हणजे डावा.

त्या गिरगावच्या आजोबांनी शेवटी काय घेतलं?

मळ काढल्यावर त्यांनी दोन महिने मुलाच्या आयफोनवर, माझे आकडे भरून, इअरबड वापरले. सुनेशी, डॉक्टरांशी, फोनवर मुलीशी उत्तम जमलं. घरी सत्यनारायणाला तीसेक माणसं आली तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात दोन्ही काढून खिशात ठेवले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. दोन महिन्यांनी पुन्हा आले. मी दोन्ही कानांना, भोकांची टोपी लावलेली, कानामागे बसणारी मशीन आठवडाभर वापरायला दिली. सुरुवातीला वर्तमानपत्राच्या घडीचा आवाजही त्यांना कर्कश वाटला. तो वाटणारच, कित्येक वर्षांनी मेंदूला तो आवाज पहिल्यांदा मिळत होता. मी तीक्ष्ण पट्टी थोडी उतरवली आणि सहा आठवड्यांत तीन वेळा बोलावून हळूहळू चढवली. तिसऱ्या वेळी गोंगाटातले शब्द अकरावरून पंधरावर गेले होते. वीस झाले नाहीत, होणारही नव्हते, आणि हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

आता दिवसभर मशीन असतं. रात्री मशीन डबीत गेलं की टीव्हीवरच्या बातम्यांना इअरबड. भाजी आणायला तेच जातात, आणि भाजीवाला साठ म्हणाला की साठच देतात.